वासुदेव बळवंत फडके यांचा मृत्यू कशाने झाला? परस्परविरोधी माहिती तपासण्याची पद्धत

वासुदेव बळवंत फडके यांचे निधन १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात झाले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांना मृत्यू कशामुळे आला याबद्दल. एखादा नवा अभ्यासक, शिक्षक किंवा गावच्या स्मरणिकेसाठी मजकूर लिहिणारी व्यक्ती ही गोष्ट शोधू लागली की तिच्यासमोर साधारण तीन कथने येतात. पहिल्या कथनानुसार फडके यांनी १३ फेब्रुवारी १८८३ रोजी कोठडीचे दार बिजागरीतून उखडून पलायन केले, ते लगेच पकडले गेले, त्यांनी अन्नत्याग केला आणि १७ तारखेला त्यांचा अंत झाला. दुसऱ्या कथनात पलायन ऑक्टोबर १८८० मधले आहे, आणि पुढे तुरुंगातल्या हालांनी व अन्नत्यागाने खंगून ते १८८३ मध्ये गेले. तिसऱ्या कथनात मृत्यूचे कारण क्षय हे आहे. तिन्ही छापील स्वरूपात सापडतात, तिन्ही आदराने लिहिलेली आहेत, आणि त्यामुळेच नवखा लेखक गोंधळून त्यातले सर्वांत परिणामकारक कथन उचलतो.

पुढील पायऱ्या या एकाच प्रकरणाभोवती बांधल्या आहेत. कोठडीत मरण आलेल्या इतर स्वातंत्र्यसैनिकांच्या बाबतीतही त्या थोड्याफार फरकाने वापरता येतील, पण प्रत्येक तुरुंगाची कागदपत्रे ठेवण्याची रीत वेगळी असल्याने त्या जशाच्या तशा लागू पडतील असे गृहीत धरू नये.

पहिली पायरी: एका वाक्यातील विधाने सुटी करावीत

“१३ फेब्रुवारीला पलायन करताना पकडले गेल्यावर उपोषणाने मृत्यू” हे वाचायला एक वाक्य असले तरी त्यात किमान चार विधाने आहेत. पलायन झाले, ते अमुक दिवशी झाले, त्यानंतर उपोषण झाले, आणि उपोषणामुळे मृत्यू झाला. यांपैकी पहिले विधान खरे असूनही चौथे खोटे असू शकते. म्हणून वहीत प्रत्येक विधानाला स्वतंत्र ओळ द्यावी आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी लिहिले, कोणत्या वर्षी लिहिले, आणि लिहिणाऱ्याला ते कसे कळले असावे. तिसरा रकाना भरताना बहुतेक वेळा पेन अडते आणि तसे अडणे उपयोगाचे असते, कारण १८८३ साली एडनच्या तुरुंगात काय घडले हे प्रत्यक्ष पाहणारी माणसे फार थोडी होती. तुरुंगाचे अधिकारी, तिथला डॉक्टर, पहारेकरी, इतर कैदी आणि फार तर रुग्णालयात काम करणारे कोणी, एवढेच.

निर्विवाद गोष्टींचीही एक छोटी यादी करून ठेवावी. फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. जुलै १८७९ मध्ये त्यांना अटक झाली, पुण्यात खटला चालून जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८८० च्या सुरुवातीला त्यांना एडनला नेण्यात आले. म्हणजे मृत्यूच्या वेळी त्यांचे वय सदतीस होते आणि एडनमध्ये त्यांनी सुमारे तीन वर्षे काढली होती. हे तीन वर्षांचे अंतर पुढे कामाला येणार आहे, कारण पहिल्या कथनात ते जवळजवळ नाहीसेच होते.

दुसरी पायरी: किती साक्षीदार आहेत ते मोजावे, किती पाने आहेत ते नव्हे

१३ फेब्रुवारी १८८३ या तारखेचे पलायन असंख्य ठिकाणी वाचायला मिळते. नवख्या माणसाला वाटते की इतक्या जणांनी लिहिले आहे म्हणजे ते खरे असणार. इथे वाक्यरचना शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दार बिजागरीतून काढणे, लगेच पकडले जाणे, मग उपोषण आणि १७ तारखेचा मृत्यू, हा क्रम आणि जवळजवळ तेच शब्द दहा ठिकाणी आढळले तर दहा साक्षीदार मिळाले असे होत नाही. एकाच मजकुराच्या दहा नकला मिळाल्या असे होते. नक्कल ओळखण्याची सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे सामाईक चूक. बरोबर माहिती दोघांकडे स्वतंत्रपणे असू शकते, पण तीच चुकीची तारीख दोघांनी स्वतंत्रपणे लिहिणे अवघड असते.

त्यानंतर प्रकाशनवर्षानुसार मागे जावे. गेल्या वीस वर्षांतील लेखांपासून सुरुवात करून विसाव्या शतकाच्या मध्यावरील चरित्रांपर्यंत आणि तेथून मुंबई सरकारने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाच्या साधनखंडांपर्यंत पोहोचावे. त्या मालिकेचा पहिला खंड १८१८ ते १८८५ या काळाचा असून फडके यांच्यासंबंधीची सरकारी कागदपत्रे त्यात आहेत. तो जुन्या ग्रंथालयांत मिळतो. मात्र तो निवडक कागदांचा संग्रह आहे. एखादी गोष्ट त्यात नसली म्हणून ती दप्तरात नाही असे ठरत नाही, आणि संपादकांनी कागदाचा एखादा भाग गाळला असण्याची शक्यताही असते. म्हणून तो वाटाड्या म्हणून वापरावा आणि मूळ कागदाचा क्रमांक टिपून घ्यावा.

या पायरीवर एक सापळा हमखास लागतो. फडके यांचे आत्मवृत्त व दैनंदिनी उपलब्ध असल्याचे अनेकांना ठाऊक असते, आणि “त्यांच्याच शब्दांत” असे म्हणून त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दलचा मजकूर दिला जातो. ते लेखन अटकेपूर्वीचे आहे आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. एडनविषयी त्यात एक अक्षरही असणे शक्य नाही. श्रीशैल येथे असताना देहत्यागाचा विचार त्यांच्या मनात आला होता. त्यावरून “हा मनुष्य अन्नत्याग करण्यासारखा होता” एवढेच म्हणता येते. एखाद्याचा स्वभाव एखाद्या कृत्याला जुळतो म्हणून ते कृत्य घडले असे मानणे हा चरित्रलेखनातील फार जुना दोष आहे.

घरातून चालत आलेल्या आठवणींबद्दलही असेच तारतम्य ठेवावे. कुटुंबाने काय सोसले, बातमी कशी पोहोचली, गावात काय बोलले गेले, यासाठी त्या आठवणी मोलाच्या आहेत. परंतु नातलगांपैकी कोणी एडनला नव्हते, त्यामुळे मृत्यूच्या कारणाबाबत त्यांच्याकडे जे होते तेही ऐकलेलेच होते. आठवण सांगणाऱ्याला दुखावेल अशा उलटतपासणीने काहीही साधत नाही; “हे आपल्याला कोणाकडून कळले?” एवढा प्रश्न पुरेसा असतो.

तिसरी पायरी: तारखांचा आणि शरीराचा हिशेब मांडावा

आता पहिले कथन शरीरशास्त्राच्या कसोटीवर लावून पाहू. १३ तारखेला पलायन, १७ तारखेला मृत्यू, म्हणजे मध्ये चार दिवस. पाणी पीत राहिलेला प्रौढ मनुष्य केवळ अन्न न घेतल्यामुळे चार दिवसांत मरत नाही. याची नोंदलेली उदाहरणे आपल्याकडेच आहेत. जतींद्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले ते उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी. पोट्टी श्रीरामुलू यांचा अंत १९५२ साली अठ्ठावन्न दिवसांनी झाला. आयर्लंडमधील टेरेन्स मॅकस्विनी १९२० साली चौऱ्याहत्तर दिवस टिकले. वय, वजन आणि आधीचे आजार यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण तो आठवड्यांमध्ये मोजला जातो.

पाणीही सोडले असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मृत्यू काही दिवसांत येऊ शकतो आणि उष्ण हवेत तो आणखी लवकर येतो. पण पाणी सोडल्याचे पहिले कथन सांगणारे म्हणत नाहीत. ते अन्नत्याग म्हणतात. आपल्या बाजूने त्यात निर्जळाची भर घालून कथन वाचवणे म्हणजे पुराव्याऐवजी कल्पना वापरणे होय. तिसरी शक्यता अशी की, पलायनापूर्वीच प्रकृती इतकी ढासळली होती की चार दिवसांचा उपवासही जीवघेणा ठरला. परंतु तसे असेल तर मृत्यूचे मूळ कारण ती ढासळलेली प्रकृती ठरते, आणि शिवाय असा मरणासन्न मनुष्य चार दिवस आधी दार उखडून पळाला हे पटवून द्यावे लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

ऑक्टोबर १८८० ची तारीख घेतली की ही अडचण राहत नाही. त्या वेळी फडके एडनला येऊन वर्षही झाले नव्हते आणि शरीराने ते धट्टेकट्टे असणार. दार उखडण्याची ताकद त्या काळात असणे स्वाभाविक वाटते. पुढची सव्वादोन वर्षे कडक बंदोबस्त, तुरुंगातला आहार आणि एडनची हवा यांत गेली. माझ्या मते १३ फेब्रुवारी ही तारीख दोन वेगळ्या घटना एका परिच्छेदात दाबताना तयार झाली असावी: पलायनाचा दिवस कुठून तरी तसाच राहिला आणि महिना व वर्ष मृत्यूच्या तारखेतून आले. हा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच लिहावा. त्याला पुरावा मिळण्याचा मार्ग मात्र सरळ आहे. जन्मठेपेचा कैदी पळाल्यावर त्याबद्दल पत्रव्यवहार होणे अटळ होते, आणि त्या पत्रांवरची तारीख १८८० ची असेल तर १८८३ चे पलायन एका फटक्यात निकालात निघते.

या हिशेबाने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे नीट पाहावे. चार दिवसांच्या उपोषणाची गोष्ट कोसळली; पण दीर्घ किंवा वारंवार केलेल्या अन्नत्यागाची शक्यता तशीच उभी आहे. क्षय झाला होता हेही यातून ठरत नाही. अनेक लेखक इथेच थांबतात आणि एक कथन पडले म्हणजे दुसरे आपोआप खरे असे मानून मोकळे होतात.

चौथी पायरी: कागद कुठे असतील याचा अंदाज राज्यकारभाराच्या रचनेवरून बांधावा

एडन आज येमेनमध्ये आहे म्हणून त्याची कागदपत्रे परदेशातच असणार, असा समज करून अनेक जण शोध सोडून देतात. फडके यांच्या काळात एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता आणि ही व्यवस्था १९३२ पर्यंत चालली. एडनचा रेसिडेंट मुंबई सरकारला पत्रे लिहीत असे. त्यामुळे पहिला शोध मुंबईत, फोर्टमधील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात घ्यावा. तिथे न्याय खात्याची दप्तरे आणि राजकीय खात्याची दप्तरे अशा दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. फडके शिक्षा झालेले कैदी होते म्हणून पहिले, आणि एडनशी होणारा व्यवहार बव्हंशी राजकीय स्वरूपाचा होता म्हणून दुसरे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांमध्ये एडनच्या वसाहतीची स्वतंत्र मालिका आहे आणि ती R/20 या खुणेखाली नोंदलेली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीचा काही भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतो, म्हणून प्रवासाआधी तिथे नजर टाकावी. मुंबईला जाण्यापूर्वी वाचनकक्षाच्या परवानगीसाठी कोणती ओळखपत्रे व संस्थेचे पत्र लागते, हे कार्यालयाकडून विचारून घ्यावे.

सूचीत शोधताना नावाच्या एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. त्या काळचे इंग्रज कारकून मराठी नावे कानाला जशी वाटतील तशी लिहीत. त्यामुळे पुढीलपैकी प्रत्येक रूप स्वतंत्रपणे पाहावे:

```
Vasudev / Wasudev / Wassudeo / Vasudeo
Balvant / Balwant / Bulwunt
Phadke / Phadkay / Phudke / Fadke
```

नावाने काही हाती लागले नाही तर ‘एडन’, ‘कैदी’, ‘तुरुंग’, ‘पलायन’ आणि ‘मृत्यू’ अशा विषयांखाली पाहावे. वर्षवार सूचीत १८८० चा शेवट आणि १८८३ चे पहिले सहा महिने हे दोन पट्टे आधी संपवावेत. एडनहून आलेले पत्र मुंबईत नोंदले जाऊन त्यावर शेरे पडेपर्यंत वेळ जात असे, म्हणून फक्त फेब्रुवारी पाहून परत फिरू नये.

हाती आलेल्या प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेण्याआधी खात्याचे नाव, वर्ष, खंड व पान यांची नोंद करावी. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण नंतर “पुराभिलेखागारातील एका पत्रानुसार” असे लिहायची वेळ आली तर तो पुरावा दुसऱ्या कोणालाही तपासता येत नाही आणि वाद होता तिथेच राहतो.

पाचवी पायरी: डॉक्टरी नोंद कशी वाचावी

समजा मृत्यूचा अहवाल मिळाला आणि त्यात क्षय लिहिलेला आहे. एवढ्याने प्रश्न सुटला असे वाटते, पण खरे काम इथे सुरू होते.

आधी काळ लक्षात घ्यावा. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. त्यानंतर अकरा महिन्यांनी एडनच्या तुरुंगातील डॉक्टर थुंकी तपासून निदान करत असेल असे मानण्यास आधार नाही. क्ष-किरण तर १८९५ पर्यंत अस्तित्वातच नव्हते. निदान होत असे ते लक्षणांवरून आणि छातीला कान किंवा नळी लावून: बराच काळचा खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त आणि सतत घटणारे वजन. यातले शेवटचे लक्षण दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेल्या कैद्यातही तसेच दिसते. म्हणून एकट्या रोडपणावर बसवलेले क्षयाचे निदान कच्चे समजावे, आणि रक्त पडणे किंवा फुप्फुसांतील ठोस खुणा नोंदल्या असतील तर ते पक्के समजावे.

शवचिकित्सा झाली असेल तर फरक अधिक स्पष्ट कळतो. क्षयात फुप्फुसांमध्ये गाठी किंवा पोकळ्या आढळतात आणि एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांना त्या चांगल्या ओळखता येत होत्या. उपासमारीने आलेल्या मृत्यूत शरीरातील चरबी जवळजवळ संपलेली असते, आतड्यांची भिंत पातळ व अर्धपारदर्शक झालेली असते आणि पित्ताशय फुगलेले असते. चरबी संपणे दोन्हींत दिसते. पोकळ्या आणि आतड्यांची अवस्था यांवर भर द्यावा.

मग अहवालात काय असायला हवे होते हे तपासावे. यासाठी एक चांगला मापदंड आपल्याकडे आहे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या पंधराव्या कलमात, कैदी दगावल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने कोणत्या गोष्टी नोंदवाव्यात हे दिलेले आहे: कैद्याने प्रथम तक्रार केव्हा केली, त्या दिवशी त्याला कोणते काम दिले होते, त्या दिवशी त्याचा आहार कोणत्या प्रमाणाचा होता, तो रुग्णालयात कधी दाखल झाला, डॉक्टरला आजार कधी कळला, आजाराचे स्वरूप काय, मृत्यूपूर्वी डॉक्टरने त्याला शेवटचे केव्हा पाहिले, मृत्यू केव्हा झाला, आणि शवचिकित्सा झाली असल्यास त्यात काय दिसले. हा कायदा फडके यांच्यानंतर अकरा वर्षांनी आला, त्यामुळे त्यांच्या अहवालात हे सगळे नाही म्हणून कोणाला दोष देता येणार नाही. पण प्रश्नांची यादी म्हणून ती नेमकी आहे. विशेषतः आहाराचे प्रमाण आणि दाखल होण्याचा दिवस या दोन नोंदी आपल्या वादाचा निकाल लावू शकतात.

त्या कशा, ते पाहू. रुग्णालयात दाखल होण्याच्या नोंदी मृत्यूआधी अनेक महिन्यांपासून दिसल्या आणि दरम्यान आहार नियमित दिला व घेतला गेल्याचे दिसले, तर क्षयाचे कथन बळकट होते. आहार नाकारल्याच्या किंवा त्याबद्दल शिक्षा दिल्याच्या नोंदी सापडल्या आणि छातीच्या तक्रारी कुठेच नसल्या, तर अन्नत्यागाचे कथन पुढे येते. दोन्ही प्रकारच्या नोंदी मिळाल्या तर एक तिसरा अर्थ निघतो, आणि तो मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो: कुपोषणाने शरीराची प्रतिकारशक्ती खालावते आणि दबलेला क्षय उफाळून येतो. अशा वेळी डॉक्टरने क्षय लिहिला तर तो खोटे बोलत नाही, आणि अन्नत्यागाने मृत्यू ओढवला असे म्हणणारा लेखकही पूर्ण चुकलेला नसतो. तात्कालिक कारण आणि मूळ कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जबरदस्तीने अन्न भरवल्याचा उल्लेख आला तर तो वेगळा टिपावा. जतींद्रनाथांच्या बाबतीत नळीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात फुप्फुसाला इजा झाल्याचे सांगितले जाते, आणि अशा घटनेनंतर कागदावर न्यूमोनिया एवढाच शब्द उरू शकतो. फडके यांच्या बाबतीत जुन्या कागदाचा आधार मिळाल्याशिवाय हे चित्र त्यांच्यावर चढवू नये. उपोषण हे राजबंद्यांचे शस्त्र म्हणून लोकांच्या मनात ठसले ते विसाव्या शतकात, आणि त्यानंतर लिहिणाऱ्यांनी १८८३ चा मृत्यू त्याच साच्यातून पाहिला असण्याची शक्यता आहे. एखाद्या लेखनात उपोषणाचा उल्लेख प्रथम कोणत्या वर्षी येतो, हे म्हणूनच शोधण्याजोगे आहे. तो १९२९ च्या आधीच्या छापील मजकुरात मिळाला तर या शंकेचा जोर कमी होतो.

सरकारी नोंदीकडेही निरागसपणे पाहू नये. आपल्या ताब्यातील कैदी उपासमारीने मेला असे लिहिणे कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्याच्या सोयीचे नव्हते, तर रोगाने मेला असे लिहिणे सोपे होते. पण हा संशय दुधारी आहे. नोंद गैरसोयीची असती म्हणून ती दडपली गेली असेल, हे मान्य केले तरी दडपले गेलेले काय होते हे त्यातून कळत नाही. मी अशा वेळी त्या कैद्याबद्दलचे मृत्यूपूर्वीचे कागद अधिक विश्वसनीय मानतो: वजनाची नोंद, शिक्षेची नोंद, कपड्यालत्त्याची किंवा औषधाची मागणी. ते लिहिताना पुढे वाद होईल याची कोणाला कल्पना नसते.

सहावी पायरी: वर्तमानपत्रे

केसरी आणि मराठा ही दोन्ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली होती, म्हणजे मृत्यूच्या वेळी ती चालू होती. शिवाय मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांतील मजकुराचा साप्ताहिक गोषवारा तयार करून घेत असे. मूळ अंक फाटलेला किंवा गहाळ असेल तर हा गोषवारा उपयोगी पडतो. मुंबई आणि एडन यांना जोडणारी समुद्री तार १८७० पासून होती, म्हणून बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येऊ शकत होती. पण कैद्याच्या मृत्यूची बातमी तारेने कळवली गेली की बोटीच्या टपालाने आली, हे अंकाच्या तारखेवरूनच कळेल. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचे अंक पाहावेत.

वर्तमानपत्राकडून एकच गोष्ट घ्यावी: त्या वेळी लोकांना काय सांगितले गेले होते. संपादकाला एडनच्या कोठडीतील माहिती सरकारकडूनच मिळत होती किंवा खासगी पत्रातून, आणि बातमीत ते कळत नसेल तर ती बातमी मृत्यूच्या कारणाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र समकालीन बातमीत उपोषणाचा शब्दही नसेल, आणि तोच तपशील पन्नास वर्षांनी अवतरला असेल, तर ते मौन नोंदवण्यासारखे असते.

सातवी पायरी: निष्कर्ष कसा लिहावा

इतके करूनही पूर्ण खात्री होईलच असे नाही, आणि लेख तर लिहायचा असतो. अशा वेळी “मतभेद आहेत” असे गुळमुळीत वाक्य लिहून सुटका करून घेऊ नये. त्याने वाचकाला कोणते मत कशावर उभे आहे हे कळत नाही. प्रत्येक विधानाला त्याच्या आधाराइतकेच वजन द्यावे. मृत्यूचा दिवस व ठिकाण सरळ विधानात यावे. ऑक्टोबर १८८० च्या पलायनाचे समकालीन पत्र सापडेपर्यंत त्याच्यासोबत चरित्रांचा आधार सांगावा. चार दिवसांच्या उपोषणाचा निष्कर्ष का टिकत नाही, ते एका वाक्यात लिहावे. क्षयाबद्दल लिहिताना ती माहिती चरित्रातली आहे की मूळ अहवालातली, हे नमूद करावे, आणि अहवालातली असेल तर डॉक्टरने कोणती लक्षणे दिली आहेत तेही द्यावे.

सध्या हाती केवळ छापील साहित्य असणाऱ्या लेखकाने मजकूर साधारण असा लिहावा: “वासुदेव बळवंत फडके यांचे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात निधन झाले. त्यांनी ऑक्टोबर १८८० मध्ये तुरुंगातून पलायन केले होते व ते पुन्हा पकडले गेले, असे चरित्रांत म्हटले आहे. मृत्यूचे कारण काही ठिकाणी क्षय, तर काही ठिकाणी अन्नत्याग असे दिले आहे. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी पलायन आणि चार दिवसांच्या उपोषणाने मृत्यू, ही प्रचलित हकीकत कालक्रमाला व शरीरशास्त्राला धरून नाही.” एवढ्या मजकुरात कोणाचाही अवमान होत नाही आणि पुढे एडनच्या डॉक्टरचा अहवाल कोणाच्या हाती लागला तर फक्त तिसरे वाक्य बदलावे लागते.

स्मरणिका, शाळेचा फलक किंवा भाषण यांसाठी कोणी याहून आवेशपूर्ण मजकूर मागितल्यास पलायनाचा प्रसंग विस्ताराने सांगावा. त्याला ऑक्टोबर १८८० मध्ये ठेवूनही त्याचा थरार कमी होत नाही. फलकावर कोरायचा मजकूर असेल तर मृत्यूचे कारण वगळून केवळ दिवस आणि ठिकाण द्यावे, कारण दगडावरची चूक पुढच्या लेखकासाठी नवा “साक्षीदार” बनते.